बिघडलेलं बाळंतपण कोणत्या खात्यात?

शीव कोळीवाड्यातल्या बाईचे दिवस भरत आले की घरच्यांपुढे साधारण दोन वाटा असतात. एक लोकमान्य टिळक रुग्णालयाची. त्या नावाने त्याला कुणी ओळखत नाही, सगळ्यांचं ते सायन हॉस्पिटल. सरकारी-महापालिका रुग्णालयांत बाळंतपण, नॉर्मल असो वा सिझर, मोफत करायचं हे धोरण जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने २०११ मध्ये आखून दिलं. तिथे विम्याचा कागद बाहेर काढायची वेळच येत नाही. दुसरी वाट खासगी नर्सिंग होमची. ती धरली जाते कंपनीच्या ग्रुप पॉलिसीच्या भरवशावर. हा लेख त्या भरवशाबद्दल आहे.

एक हिशेब मांडून बघू. आकडे माझे, पण धाटणी नेहमीची. पॉलिसी पाच लाखांची. त्यात बाळंतपणासाठी वेगळी मर्यादा: नॉर्मलला ५० हजार, सिझरला ७५ हजार. बत्तिसाव्या आठवड्यात बाईचं बीपी १७०/११० वर जातं, लघवीत प्रथिनं सापडतात. चार दिवस दाखल करून औषधांनी ते खाली आणतात. बिल ६० हजार. छत्तिसाव्या आठवड्यात पुन्हा तेच होतं, या वेळी थांबणं शक्य नसतं. तातडीचं सिझर. वार सुटल्यावर गर्भाशय आकसत नाही आणि रक्तस्राव एक लिटरच्या पुढे जातो. सिझरमध्ये डॉक्टर धोक्याची रेघ तिथेच मानतात. चार बाटल्या रक्त, दोन दिवस आयसीयू. बिल दोन लाख ८० हजार. दोन्ही मिळून तीन लाख ४० हजार. टीपीए दोन्ही क्लेम एकाच खात्यात टाकतो आणि मंजूर करतो ७५ हजार. उरलेले दोन लाख ६५ हजार घरचे भरतात, आणि पाच लाखांच्या विम्यातले सव्वाचार लाख जागचे हलत नाहीत.

आता त्याच कंपनीतली दुसरी बाई घेऊ. तिला सातव्या आठवड्यात पोटात असह्य कळ येते. गर्भ गर्भाशयात नसून नळीत रुजलेला आणि नळी फुटलेली. शस्त्रक्रिया, रक्त, तीन दिवस, एक लाख ४० हजार. हा क्लेम मूळ पाच लाखांतून जातो. खोलीभाड्यासारख्या किरकोळ कपाती सोडल्या तर सगळा मिळतो. दोघींचाही जीव गर्भारपणातून आलेल्या रक्तस्रावानेच धोक्यात आला होता.

हा फरक टीपीएच्या कारकुनाच्या मर्जीतून येत नाही. २०१९ मध्ये विमा नियामकाने पॉलिसीतल्या वगळणुकींची भाषा सर्व कंपन्यांसाठी एकसारखी केली. त्यातलं अठरावं कलम म्हणतं की प्रसूतीशी संबंध लावता येईल असा उपचारखर्च, गुंतागुंतीची प्रसूती आणि सिझर धरून, देय नाही. अपवाद फक्त गर्भाशयाबाहेरच्या गर्भाचा. गर्भपातही वगळलेला, अपघाताने झाला असेल तरच देय. ग्रुप पॉलिसीत जी मर्यादा मिळते ती या बंद दाराला ठेवलेली फट असते. बिल कितीही असो, पैसे तिच्यातूनच येतात.

विमा कंपनीची बाजू पोकळ नाही. विमा अकल्पिताचा असतो, आणि बाळंतपणाची तारीख आठ महिने आधी ठाऊक असते. वैयक्तिक पॉलिसीत बाळंतपणाला दोन-तीन वर्षांची प्रतीक्षा असते, ती याच भीतीपोटी: लोक मूल ठरवतील, पॉलिसी घेतील, क्लेम करतील आणि सोडून देतील. सिझरबद्दलचा संशयही निराधार नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या सरकारी दवाखान्यांतली सिझरं १४ टक्क्यांच्या आसपास होती, खासगीत ४७ टक्के. एवढी तफावत केवळ अवघड केसेस खासगीत जातात म्हणून पडत नाही. सिझरला पूर्ण विमा खुला केला तर मुहूर्त पाहून केलेली सिझरंही त्यातून भरली जातील, हे मला मान्य आहे.

पण मग तर्क शेवटपर्यंत न्यायला हवा. ठरवून केलेलं सिझर अकल्पित नाही. गर्भाशय न आकसणं, झटके येणं, आयसीयू हे अकल्पितच आहे. ते कुणी विमा उकळण्यासाठी घडवून आणत नाही. वगळणुकीची रेघ मात्र अकल्पिताशी न आखता प्रसूतीशी आखली गेली. त्यामुळे विम्याचं जे खरं काम, तेच त्यातून निसटलं.

आपल्याकडच्या रजेच्या कायद्याने हीच गोष्ट उलट केली आहे. मुंबई इलाख्याने गिरणी कामगार बायकांसाठी प्रसूती लाभाचा कायदा १९२९ मध्ये केला. त्याच्या विधेयकाच्या बाजूने १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात डॉ. आंबेडकर बोलले होते. पुढे १९६१ च्या केंद्रीय कायद्याने गर्भारपण, प्रसूती, अपुऱ्या दिवसांचं मूल किंवा गर्भपात यांतून उद्भवणाऱ्या आजारासाठी नेहमीच्या रजेवर आणखी एक महिन्यापर्यंत पगारी रजा दिली. सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद आहे. म्हणजे रजेच्या कागदात बाळंतपण बिघडलं की हक्क वाढतो आणि विम्याच्या कागदात तो तेवढाच राहतो.

मग त्या पहिल्या ६० हजारांचं काय? इथे भांडायला जागा आहे, आणि बहुतेक घरं भांडत नाहीत. जुन्या मेडिक्लेम पॉलिसींत ‘गर्भारपण’ हा शब्द वगळणुकीतच असे. २०१९ च्या भाषेत प्रसूती आहे. बत्तिसाव्या आठवड्यात बाई दाखल झाली, बीपी उतरलं, ती पोटुशीच घरी गेली. प्रसूती झालीच नाही. वगळणूक लागू होते हे विमा कंपनीने दाखवायचं असतं आणि संदिग्ध शब्दांचा अर्थ विमेदाराच्या बाजूने घ्यायचा असतो, हे कोर्टांनी मान्य केलेलं तत्त्व आहे. दरवेळी क्लेम पदरात पडेल असं नाही, कारण ग्रुप पॉलिसीत कंपनीनिहाय जादा अटी असतात. म्हणून आधी त्या पॉलिसीचंच कलम वाचायचं, विमा कंपनीकडे लेखी तक्रार करायची आणि महिनाभरात दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडे जायचं. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही.

गोंधळाची सुरुवात बऱ्याचदा डिस्चार्ज समरीत होते. रोगांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत गर्भारपणाचं सगळं प्रकरण इंग्रजी ‘ओ’ अक्षराखाली येतं: बीपी, मधुमेह, रक्तस्राव, सिझर, इतकंच काय, नळीतला गर्भसुद्धा. सातव्या महिन्यात डेंग्यू झाला तरी गरोदर बाईच्या कागदावर ‘ओ’चा कोड चढू शकतो, आणि तो दिसला की क्लेम प्रसूतीच्या खात्यात ढकलला जातो. डास काही पोट बघून चावत नाही. अशा वेळी समरीत मूळ आजार पहिल्या ओळीत, तपासणीच्या निकालासह, आणि गर्भारपण ही सोबतची अवस्था म्हणून लिहिलेलं असेल तर बाजू भक्कम होते. डॉक्टरांना खोटं लिहायला सांगायचं नाही, नीट क्रमाने लिहायला सांगायचं. तेही घरी जायच्या आधी. नंतर दुरुस्त केलेल्या समरीकडे टीपीए संशयाने बघतो.

बाळाचं बिल ही आणखी एक गल्ली. छत्तिसाव्या आठवड्याचं मूल एनआयसीयूत राहिलं तर कधी आईपेक्षा त्याचाच खर्च जास्त होतो. पहिल्या दिवसापासून बाळ विम्यात आहे का आणि ते आईच्या मर्यादेत की मूळ रकमेत, हे पॉलिसीगणिक बदलतं.

गुंतागुंत झाल्यास मूळ विमा रक्कम लागू, अशी जोड ग्रुप पॉलिसीला मिळते. दरवर्षी नूतनीकरणाच्या वेळी नोकरी देणारी कंपनी ती थोडा जादा हप्ता भरून घेऊ शकते. पण त्या वाटाघाटीच्या टेबलावर गरोदर बाई सहसा नसते. आणि एक विचित्र उंबरठा आहे. कर्मचारी राज्य विम्याची पगारमर्यादा २०१७ पासून २१ हजार आहे. पगार तिच्या आत असेपर्यंत परळच्या महात्मा गांधी रुग्णालयात त्या बाईच्या रक्तस्रावावर ७५ हजारांची रेघ नसते, आजारासाठी महिनाभराचा जादा लाभही असतो. पगार त्यापुढे गेला, बढती मिळाली, की ती खासगी ग्रुप पॉलिसीत येते आणि तिच्या बाळंतपणाला रेघ लागते.