दोन लावलेले गठ्ठे

व्यवस्थापनावरच्या व्याख्यानांत अलीकडे मर्ज सॉर्टचा दाखला ऐकू येतो. मोठं काम तुकड्यांत वाटा, चार जणांच्या हाती द्या, ते झटपट उरकतं, असा त्याचा अर्थ सांगितला जातो. मला हा अर्थ मुळातच चुकलेला वाटतो. त्यात श्रेय वाटणीला जातं. खरी बचत गठ्ठे पुन्हा एकत्र करताना होते, आणि ती एकट्या माणसालाही मिळते.

पाठ्यपुस्तकांतला क्रमही या गैरसमजाला हातभार लावतो. आधी बबल, मग मर्ज, म्हणजे जणू पहिल्यात सुधारणा करून दुसरी पद्धत निघाली. इतिहास तसा नाही. क्रमाने लावलेल्या पंचकार्डांचे दोन गठ्ठे एकत्र करणारी यंत्रं १९३०च्या दशकाच्या अखेरीसच कचेऱ्यांत आली होती. १९४५ मध्ये फॉन नॉयमन यांनी एडव्हॅक या नियोजित संगणकासाठी मर्जचा प्रोग्राम लिहिला. आकडेमोडीसाठी योजलेलं यंत्र कार्ड लावण्याचं कामही पेलेल का, हे त्यांना पाहायचं होतं. बबलची पद्धत छापील स्वरूपात आली ती १९५६ मध्ये, एडवर्ड फ्रेंड यांच्या लेखात. नूथ यांनी १९७३ मध्ये तिच्यावर कडक टीका केली, तरी वर्गात ती टिकून राहिली.

आता टेबलावर आठ उत्तरपत्रिका घेऊ. बैठक क्रमांक असे: २७, १४, ३१, ८, २२, ५, १९, ११. बबलमध्ये शेजारच्या दोन पाहायच्या, मोठा क्रमांक आधी असेल तर अदलाबदल करायची आणि पुढे सरकायचं. पहिल्या फेरीत २७ आणि १४ यांची जागा बदलते, पुढे ३१ सरकत सरकत शेवटी पोचतो. दुसरी फेरी सुरू होते ती पुन्हा १४ आणि २७ यांच्याच तुलनेने. निकाल आधीच लागला होता, पण पद्धतीने तो कुठेच जपून ठेवलेला नाही. ५ क्रमांकाची उत्तरपत्रिका तर फेरीमागे एकच घर पुढे येते. सगळं लागून एक फेरी अदलाबदलीविना जाईपर्यंत २७ तुलना होतात.

मर्जमध्ये आधी जोड्या लावू: १४–२७, ८–३१, ५–२२, ११–१९. चार तुलना झाल्या. मग दोन-दोन जोड्या एकत्र करायच्या. त्यासाठी फक्त वरच्या दोन उत्तरपत्रिका पाहायच्या आणि लहान क्रमांकाची उचलायची. सहा तुलनांत चार-चारचे दोन गठ्ठे होतात: ८, १४, २७, ३१ आणि ५, ११, १९, २२. शेवटचं एकत्रीकरण आणखी सहा तुलनांत होतं. एकूण सोळा.

इथेच नीट थांबायला हवं. ८ आणि ५ समोरासमोर आले, ५ लहान ठरला. त्याच क्षणी तो १४, २७ आणि ३१ यांच्यापेक्षाही लहान ठरला, कारण ते सगळे ८ च्या खाली आहेत. एका तुलनेत चार निकाल लागले. गठ्ठा आधी लावलेला होता, म्हणून हे झालं.

संख्या वाढली की हा फरक डोळ्यांत भरतो. ५१२ उत्तरपत्रिकांत १,३०,८१६ जोड्या होतात, आणि बबलला वाईटात वाईट स्थितीत त्या सगळ्या तपासाव्या लागतात. २५६चे दोन गठ्ठे केले, तर गठ्ठ्यांच्या आतल्या ६५,२८० जोड्या आणि एका गठ्ठ्यातली एक, दुसऱ्यातली एक अशा ६५,५३६ जोड्या उरतात. वाटणीने यातली एकही जोडी निकालात निघत नाही. पण दोन्ही गठ्ठे लावलेले असले की त्या ६५,५३६ जोड्यांचा निवाडा जास्तीत जास्त ५११ तुलनांत होतो. हीच युक्ती एक-एक उत्तरपत्रिकेपासून वर वापरत गेलं की पूर्ण काम ४,०९७ तुलनांच्या आत संपतं. तुलनेमागे दोन सेकंद धरले तर सव्वादोन तासांच्या आसपास. बबलला सुमारे ७३ तास.

याची किंमत म्हणजे टेबलावरची दुसरी मोकळी जागा. बबलला ती लागत नाही. गठ्ठा आधीच लागलेला असेल तर बबलला ते एका फेरीत, ५११ तुलनांत कळतं. साधं मर्ज मात्र तिथेही २,३०४ तुलना करतं. २००२ मध्ये टिम पीटर्स यांनी पायथॉन भाषेसाठी लिहिलेली पद्धत म्हणूनच आधी लागलेले तुकडे शोधते आणि मग ते एकत्र करते.

आणि आठ शिक्षकांत ६४-६४ वाटल्या तर? प्रत्येकाच्या जास्तीत जास्त ३२१ तुलना होतात. पण पुढच्या तीन टप्प्यांत १२७, २५५ आणि ५११ तुलनांची वाट पाहावी लागते. एकूण १,२१४, माणसं आठपट, वेग साडेतीनपटही नाही. शेवटच्या दोन गठ्ठ्यांशी एक जण वरून आणि फार तर दुसरा खालून मोठे क्रमांक उचलत बसू शकतो. तोवर बाकीचे सहा शिक्षक मोकळेच असतात.