उरलेल्या दिवसांची किंमत

व्यायामशाळेचे वार्षिक सदस्यत्व मध्येच रद्द करून उरलेल्या रकमेची मागणी करणारा अर्ज बहुधा तक्रारीच्या सुरात लिहिला जातो, आणि त्याला मिळणारे उत्तरही ठरलेले असते: ‘फी परत मिळणार नाही, अशी अट पावतीवर छापलेली आहे.’ या दोन वाक्यांत वाद संपल्यासारखा वाटतो; प्रत्यक्षात तो तिथे सुरूही झालेला नसतो. छापील अट वाचून परतणाऱ्या सभासदाला आपण नेमके काय विकत घेतले होते, त्यातले किती वापरले आणि किती उरले, हा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो. अर्जात रुजू होण्याची तारीख आणि रक्कम भरल्याचा पुरावा द्यावा लागतो तो या प्रश्नाला आकड्यांत उत्तर देता यावे म्हणून. केवळ ओळख पटवण्यासाठी नव्हे.

जिम जी वस्तू विकते ती व्यायाम नसून प्रवेशाचा हक्क असतो. जुन्या तालमीत महिन्याची वर्गणी देऊन आखाड्यात उतरणाऱ्याचे पैसे परत मागण्याइतके अडकतच नसत. वार्षिक पॅकेजने मात्र बारा महिन्यांचा हक्क एकदम विकायला सुरुवात केली आणि न वापरलेल्या हक्काचा प्रश्न निर्माण केला. या व्यवसायाचे गणित सगळे सभासद रोज येणार नाहीत, या अपेक्षेवरच उभे असते. स्टेफानो डेलाविन्या आणि उलरिके माल्मेंडियर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील तीन हेल्थ क्लबांच्या 7,752 सभासदांच्या नोंदी तपासून 2006 साली दाखवून दिले, की 70 डॉलरहून अधिक मासिक शुल्क भरणारे सभासद महिन्यातून सरासरी साडेचार वेळाही फिरकत नव्हते. परिणामी एका भेटीसाठी त्यांना 17 डॉलरहून अधिक मोजावे लागत होते, आणि दहा भेटींचा पास घेतला असता तर तीच भेट 10 डॉलरला पडली असती. माणूस आपल्या भावी उत्साहाचा अंदाज नेहमी चढाच बांधतो, असा त्याचा अर्थ. ‘एकूण नऊच दिवस आलो, म्हणून नऊ दिवसांचेच पैसे कापा’ ही सभासदाची लाडकी मागणी मात्र टिकत नाही, कारण विकलेला असतो तो प्रवेशाचा हक्क. दार उघडे होते ते सगळे दिवस वापरलेलेच धरले जातात. पर्सनल ट्रेनिंगचे तसे नसते. तिथे सत्रे मोजून विकलेली असतात आणि न झालेली सत्रे मोजूनच परत मागता येतात.

म्हणजे हिशेब तारखांवर चालतो, आणि तारखा एकाहून अधिक असतात. एक उदाहरण घेऊन तो मांडणे सोयीचे होईल. पुण्यातील एका सभासदाने 24 जून 2025 रोजी यूपीआयद्वारे 21,240 रुपये भरले, असे समजू; त्यात 18,000 रुपये मूळ फी आणि तिच्यावर त्या वेळच्या 18 टक्के दराने 3,240 रुपये जीएसटी होता. सदस्यत्व 1 जुलै 2025 ते 30 जून 2026 असे पावतीवर आहे. नोकरीतील बदलीमुळे तो 1 ऑक्टोबरपासून सदस्यत्व रद्द करू इच्छितो. 1 जुलैपासून मोजले तर 92 दिवस वापरले गेले आणि 273 उरले. जिमच्या संगणकात मात्र पैसे भरल्याची तारीखच सुरुवात म्हणून नोंदली गेली असेल, तर वापरलेले दिवस 99 होतात आणि सुमारे 345 रुपयांचा फरक पडतो. रक्कम किरकोळ आहे, पण अर्जात ‘जूनमध्ये प्रवेश घेतला’ असे मोघम लिहिले, की हा फरक न बोलता मान्य केल्यासारखा होतो. म्हणून पैसे भरल्याची, सदस्यत्व सुरू झाल्याची आणि रद्द करण्याची विनंती पोहोचल्याची, अशा तिन्ही तारखा वेगवेगळ्या लिहाव्या लागतात.

खरा वाद दिवसांचा नसून दराचा असतो. सभासद 18,000 रुपयांना 365 ने भागतो, दिवसाला 49 रुपये 32 पैसे काढतो आणि 273 दिवसांचे 13,463 रुपये मागतो. जिमचा व्यवस्थापक म्हणतो, की वर्षभराची हमी दिली म्हणून ही सवलत मिळाली होती. हमी मोडली तर महिन्याला 2,500 रुपये हा सुटा दर लागू होईल, तीन महिन्यांचे 7,500 वजा जाऊन 10,500 रुपये उरतील. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, आणि सभासदाच्या बाजूने लिहिणाऱ्यांनी व्यवस्थापकाचा मुद्दा झटकून टाकू नये; स्वस्त दर हा दीर्घ मुदतीच्या बदल्यातच दिलेला असतो. पण त्याच जिमच्या दरपत्रकात तीन महिन्यांचे पॅकेज 6,600 रुपयांचे असेल, तर हमी न देणाऱ्या माणसानेही या तीन महिन्यांसाठी तेवढेच मोजले असते. मग मध्येच सोडणाऱ्याकडून त्याहून अधिक घेण्याला नुकसानभरपाई न म्हणता दंड म्हणावे लागेल. या मार्गाने परतावा 11,400 रुपये होतो, आणि सभासद स्वतःच्या सोयीने बाहेर पडत असेल तेव्हा हाच आकडा सर्वांत न्याय्य ठरतो. दरपत्रकाचा फोटो अर्जाला जोडणे, म्हणूनच, पावती जोडण्याइतके महत्त्वाचे असते; तो मात्र क्वचितच कोणी जोडतो.

दंड आणि नुकसानभरपाई यांतला हा भेद भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 74 मध्ये आहे. करार मोडल्यास अमुक रक्कम द्यावी लागेल असे करारात लिहिले असले, तरी समोरच्याला मिळते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेली रक्कम ही तिची केवळ कमाल मर्यादा असते, असा या कलमाचा आशय आहे. आधीच भरलेली रक्कम जप्त करण्यालाही हे कलम लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास या 1963 च्या निकालात सांगितले. आणि कैलाश नाथ असोसिएट्स प्रकरणात 2015 साली, नुकसान झालेच नसेल तर या कलमाखाली भरपाईही मागता येत नाही, असे स्पष्ट केले. हे दोन्ही निकाल जमिनीच्या व्यवहारांतील आहेत. पण ‘फी परत मिळणार नाही’ ही ओळ जप्तीचीच अट असल्यामुळे त्यांचा तर्क इथेही लावता येतो.

तरीही भारतात जिमने उरलेली फी दिवसांच्या प्रमाणात परत द्यावी, असा थेट नियम नाही. शिकवणी वर्गांची स्थिती थोडी बरी आहे. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, पूर्ण फी भरलेला विद्यार्थी मध्येच वर्ग सोडत असेल, तर उरलेल्या काळाची फी त्या प्रमाणात दहा दिवसांच्या आत परत द्यायची आहे. परंतु या सूचना राज्यांनी अमलात आणायच्या आहेत, आणि कोचिंगच्या व्याख्येतून खेळ, नृत्य, नाट्य अशा गोष्टी वगळल्या आहेत. एकाच इमारतीत तळमजल्यावर जेईईचा वर्ग आणि वर कथ्थकचा वर्ग असेल, तर एकीकडे या सूचनांचा दाखला चालतो आणि दुसरीकडे पुन्हा करार अधिनियमाकडे यावे लागते.

सदस्यत्व सोडण्याचे कारण अर्जात आले, की त्यावरून दरही ठरतो. व्यायामशाळा चार किलोमीटर दूर हलवली, सकाळची वेळ बंद केली किंवा जाहिरातीत सांगितलेली यंत्रे महिनोन्महिने नादुरुस्त राहिली, तर ती ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 च्या भाषेत सेवेतील त्रुटी ठरते, म्हणजे कबूल केलेल्या दर्जात किंवा पद्धतीत उणीव राहणे. अशी सेवा मागे घेऊन पैसे परत करण्यास पावतीवरील मुदतीत, आणि मुदत नसेल तर तीस दिवसांत, नकार देणे ही त्या कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. या परिस्थितीत सवलत गमावण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण करार सभासदाने मोडलेला नसतो. इथे 13,463 रुपयांचीच मागणी योग्य ठरते. बदली झालेल्याला मात्र त्रुटीचा आव आणता येत नाही. कारण नसताना ‘स्वच्छतेचा अभाव’ असे जोडून अर्ज जड करण्याची सवय अनेकांना असते; त्याने अर्जाचे वजन घटते, कारण पहिल्या खोट्या आरोपानंतर खरी तारीखही संशयास्पद वाटू लागते.

पुराव्याबाबत एक बारकावा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. दारावरच्या पाटीवरील नाव, यूपीआयवर पैसे स्वीकारणाऱ्याचे नाव आणि जीएसटी पावतीवरील नाव ही तीन वेगळी असू शकतात, विशेषतः शाखा फ्रँचायझीची असेल तेव्हा. अर्ज पावतीवरील नावाने, तिच्यावरील जीएसटी क्रमांकासह करावा, आणि प्रत पाटीवरील नावाच्या मुख्य कार्यालयाला द्यावी. अन्यथा ‘आमचा त्या शाखेशी संबंध नाही’ या उत्तराने महिना जातो. पैसे भरल्याच्या स्क्रीनशॉटपेक्षा बँकेच्या खातेउताऱ्यातील त्याच व्यवहार क्रमांकाची नोंद अधिक भक्कम असते. रोख भरून पावती न घेतलेल्याला नोंदणीनंतर आलेला संदेश, अ‍ॅपमध्ये दिसणारी मुदत आणि बोटाच्या ठशाची हजेरी यांवर भागवावे लागते. त्यातून सदस्यत्व सिद्ध होते, रक्कम होत नाही.

एवढे हाताशी आल्यावर अर्जाचा मुख्य परिच्छेद आटोपशीर होतो: ‘सदस्यत्व क्रमांक अमुक, कालावधी 1 जुलै 2025 ते 30 जून 2026. दि. 24 जून 2025 रोजी यूपीआय व्यवहार क्रमांक अमुक अन्वये रु. 21,240 भरण्यात आले आहेत (पावती व खातेउतारा सोबत). बदलीमुळे सदर सदस्यत्व दि. 1 ऑक्टोबर 2025 पासून रद्द करण्यात यावे. आपल्या दरपत्रकातील त्रैमासिक फी रु. 6,600 वजा जाता रु. 11,400 व त्यावरील जीएसटी रु. 2,052, एकूण रु. 13,452, पंधरा दिवसांत मूळ खात्यात जमा करावेत.’ जीएसटीचा उल्लेख मुद्दाम आहे. ‘कर सरकारकडे गेला’ हे उत्तर अपुरे असते, कारण न दिलेल्या सेवेपुरते क्रेडिट नोट, म्हणजे पावतीची रक्कम कमी करणारे पत्र, काढून आपला कर समायोजित करण्याची सोय जिमला असते. ती या व्यवहारासाठी 30 नोव्हेंबर 2026 नंतर राहत नाही.

फी हप्त्यांवर भरली असेल, तर दुसरा अर्ज वेगळ्या पत्त्यावर जातो. ‘बिनव्याजी हप्ते’ म्हणून जे सांगितले जाते ते पुष्कळदा एखाद्या वित्तसंस्थेचे कर्ज असते. जिमला पूर्ण रक्कम आधीच मिळालेली असते आणि सदस्यत्व रद्द झाले तरी हप्ता वळता होत राहतो. बँकेतून तो परस्पर थांबवला, तर जिमशी वाद तसाच राहून पतनोंद मात्र बिघडते. अशा वेळी परतावा कर्जखात्यात जमा करून कर्ज बंद केल्याचे पत्र मागावे लागते.

उत्तर आलेच नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग असतो. तिथे पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणात शुल्क लागत नाही आणि तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्यातही दाद मागता येते, ही बदली झालेल्यासाठी मोठीच सोय. परंतु ‘ही अटच अनुचित करार आहे, ती रद्दबातल ठरवा’ अशी मागणी केली, की प्रकरण जिल्हा आयोगाच्या कक्षेबाहेर जाऊन राज्य आयोगाकडे वळते. साडेतेरा हजारांसाठी तेवढा पल्ला कोणी गाठू नये. मुदत वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे, आणि व्यवस्थापकाशी पत्रव्यवहार चालू आहे एवढ्याने ती सहसा लांबत नाही.

बहुतेक प्रकरणे तिथवर जात नाहीत. जिम आधी सदस्यत्व काही महिने गोठवण्याचा किंवा दुसऱ्याच्या नावे करण्याचा पर्याय पुढे करते. शहर सोडणाऱ्याला पहिला निरुपयोगी असतो, दुसरा मात्र खरेदीदार तयार असेल तर परताव्याहूनही फायद्याचा ठरू शकतो. तडजोडीची रक्कम ठरली, की ‘कोणतेही येणे बाकी नाही’ अशा कागदावर सही मागितली जाते. ती पैसे खात्यात जमा झाल्याची नोंद पाहिल्यावरच करावी.