शेकडा त्रुटीचा रकाना

साध्या लंबकाच्या प्रयोगाखाली जर्नलात एक वाक्य हमखास असते: ‘हवेच्या रोधामुळे उत्तरात त्रुटी येते.’ प्रयोग नंदुरबारला झालेला असो की धडगावला, खिडक्या उघड्या असोत की बंद, वाक्य तेच. त्याच्या वर उपकरणांची यादी असते: स्टँड, दोरा, लोखंडी गोळा, मीटरपट्टी, स्टॉपवॉच. खाली शेकडा त्रुटीचे गणित असते, आणि त्याचे उत्तर बहुधा एकाच्या आत बसवलेले असते. या वाक्याचा मला राग येतो, कारण ते खोटे नसूनही निरुपयोगी आहे. हवेपेक्षा लोखंड साडेसहा हजार पटींनी जड. त्यामुळे हवा गोळ्याला जितके उचलून धरते, त्याने g च्या उत्तरात पडणारा फरक टक्क्याच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास राहतो. हाताने चालवलेल्या स्टॉपवॉचवर तो दिसणेच शक्य नाही. तरीही वाक्य लिहिले की अर्धा गुण मिळतो.

प्रयोग सगळ्यांना माहीत आहे. लांबी मोजायची, वीस दोलनांचा वेळ घ्यायचा, g = 4π²l/T² या सूत्रात किमती घालायच्या. समजा लांबी १०० सेंटिमीटर आहे आणि वीस दोलनांना ४०.३ सेकंद लागले. एका दोलनाला २.०१५ सेकंद, म्हणून g येतो ९.७२. पुस्तकात ९.८ आहे, तेव्हा शेकडा त्रुटी ०.८. इथे बहुतेक जर्नले थांबतात. माझ्या मते विचार करण्याजोगे जे काही आहे ते याच्या पुढे सुरू होते. पुस्तकातल्या किमतीपासून उत्तर किती दूर पडले, ही एक गोष्ट. ते किती दूर पडू शकते हे उत्तर पाहण्याआधी आपल्या उपकरणांवरून सांगता येणे, ही दुसरी. पहिलीला पुस्तक लागते, दुसरीला स्वतःच्या हातांची आणि पट्टीची ओळख लागते. स्टॉपवॉचवर शंभरावा भाग दिसत असला तरी बटण दाबणाऱ्या बोटाची चूक सुरुवातीची आणि शेवटची मिळून ०.२ सेकंद सहज होते. चाळीस सेकंदांत ती अर्धा टक्का भरते, आणि सूत्रात T चा वर्ग असल्यामुळे g मध्ये एक टक्का. दोरा टांगलेल्या बिंदूपासून गोळ्याच्या मध्यापर्यंतची लांबी दोन मिलिमीटरपेक्षा बारकाईने सांगणे अवघड, म्हणजे आणखी ०.२ टक्के. दोन्ही मिळून १.२ टक्के. म्हणून प्रामाणिक उत्तर ९.७२, ०.१२ इकडे किंवा तिकडे. हेच पन्नास दोलने मोजली असती तर वेळेमुळे येणारा वाटा एक टक्क्यावरून ०.४ टक्क्यांवर आला असता. हा उपायही याच गणितातून सुचतो. पुस्तकाशी केलेल्या तुलनेतून तो कधीच सुचत नाही.

आता त्या ९.८ कडेच पाहा. पृथ्वी फिरते आणि विषुववृत्ताजवळ थोडी फुगलेली आहे, म्हणून g अक्षांशाप्रमाणे बदलतो. प्रमाण म्हणून ठरवलेली ९.८०६६५ ही किंमत १९०१ साली आंतरराष्ट्रीय परिषदेने स्वीकारली आणि ती साधारण ४५ अंश अक्षांशाच्या आसपासची आहे. नंदुरबार सव्वाएकवीस अंशांच्या जरा वर. तिथला g सुमारे ९.७९ येतो, आणि तोरणमाळच्या हजार मीटरहून अधिक उंचीवर आणखी किंचित कमी. म्हणजे ज्या किमतीशी तुलना करून मुलाचे गुण ठरतात, ती स्वतःच त्या जागेची नाही. फरक ०.१ टक्क्याच्या आसपास आहे आणि या उपकरणांना तो जाणवणार नाही, हे खरे. पण जाणवणार नाही हे ज्याला सांगता येते, त्यालाच त्रुटी समजली.

लंबकाचा इतिहास पाहिला तर ही तुलना आणखी उलटी वाटते. बेसेव्ही नावाचा सर्वेक्षण खात्याचा अधिकारी १८६०च्या दशकात लंबक घेऊन हिंदुस्थानभर फिरला. १८७१ साली लडाखच्या मोरे पठारावर, साडेचार हजार मीटरहून जास्त उंचीवर, मोजणीच्या कामातच तो वारला. तिथे गुरुत्वाकर्षण अपेक्षेहून कमी भरले, आणि हिमालयाच्या प्रचंड वस्तुमानाची भरपाई करणारे हलके काहीतरी खाली आहे या कल्पनेला बळ मिळाले. अपेक्षेपासूनचा फरक हीच त्या मोजणीची कमाई होती. आकडा अपेक्षेला जुळवून घेतला असता, तर एवढ्या उंचीवर लंबक वाहून नेण्याची गरजच नव्हती.

आमच्या परीक्षेत मात्र जुळवण्याचीच सवय लागते, आणि ती फार स्वस्तात लागते. ४०.३ चे ४०.१ केले की g होतो ९.८२ आणि शेकडा त्रुटी ०.२. एवढ्या फेरफाराला खाडाखोडही लागत नाही. म्हणून मला वाटत होते की दोन्ही गोष्टी काढून टाकाव्यात: छापील कारणांची यादीही आणि पुस्तकाशी तुलनाही. यावर अनुभवी परीक्षक म्हणतील की यादी काढली तर मुले काहीच लिहिणार नाहीत, आणि दर केंद्रावर वेगळा परीक्षक असताना सारखे गुण द्यायला ठरलेला साचा लागतो. साच्याचा मुद्दा मला पटत नाही. ज्या साच्यात अगदी नगण्य कारण लिहिणाऱ्याला आणि खरे कारण ओळखणाऱ्याला तेवढेच गुण मिळतात, तो न्याय करत नाही, फक्त भांडण टाळतो. पण यादीचा मुद्दा मी मान्य करतो. दोष यादीत नाही, तिच्यापुढे आकडा नसण्यात आहे. हवेचा रोध लिहू द्या, पण त्यापुढे ०.०२ टक्के लिहायला लावा. दोलन वीस अंशांपर्यंत ओढले असेल तर दीड टक्का, पाच अंशांपर्यंत असेल तर ०.१ टक्का. गोळ्याची एक सेंटिमीटर त्रिज्या लांबीत धरायची राहिली तर एक टक्का. असे आकडे पडले की कोणते कारण बोलते आहे आणि कोणते फक्त जागा अडवते आहे, ते मुलाला आपोआप दिसते.

तुलना काढून टाकण्याचा माझा आग्रह मात्र एका हिशेबापुढे टिकत नाही. त्रिज्या धरायची राहिली, तर वेगवेगळ्या लांब्या घेऊन काढलेला l आणि T² चा आलेख सरळ रेषाच येतो, पण आरंभबिंदूतून जात नाही. चढ बरोबर असतो, म्हणजे चूक पुस्तकाविना पकडता येते. दुसरी नेहमीची चूक मोजण्यातली: गोळा सोडतानाच ‘एक’ म्हणायचे. मग वीस समजून एकोणीसच दोलने होतात. दर वेळी असेच झाले तर आलेख सरळ येतो, आरंभबिंदूतूनही जातो, आणि चढावरून काढलेला g १०.८ टक्के जास्त भरतो. आलेखात संशयाला जागाच नसते. मंद चालणाऱ्या स्टॉपवॉचचेही तसेच. इथे बाहेरची किंमतच सांगते की घडी कुठेतरी विस्कटली आहे. तेव्हा ९.८ ची गरज आहे, पण नंतर. आधी मुलाने आपला १.२ टक्के शाईने लिहावा, मग पुस्तक उघडावे. फरक १.२ च्या आत असेल तर बोलण्यासारखे काही नाही, १०.८ असेल तर मोजणी पुन्हा करायची, आकडा बदलायचा नाही.

हा क्रम पाळला तर परीक्षकाचे कामही बदलते. ९.७२ आणि त्यापुढे ०.१२ लिहिणाऱ्याला पूर्ण गुण द्यावेत, कारण ९.८ आणि ९.७९ हे दोन्ही आकडे त्याच्या मर्यादेत बसतात आणि त्यांतला कोणता बरोबर हे ही उपकरणे सांगू शकत नाहीत. जो ४०.१, ४०.१, ४०.१ अशी तीन रीडिंग दाखवतो, त्याच्या हाती स्टॉपवॉच देऊन चौथे रीडिंग समोर घ्यायला सांगावे. हाताने घेतलेली तीन रीडिंग दहाव्या भागापर्यंत इतकी जुळणे कधीकधी घडते, पण रोज घडत नाही.