मधलं घर

एक आत्या आणि तिचा भाचा रविवारचं अवघड सुडोकू सोडवायला बसत. दोघांकडे एकाच कोड्याची एकेक प्रत असे. भाचा पेन घेई, आत्या पेन्सिल.

एकदा दोघंही एकाच जागी अडले. अगदी मधल्या घरात 5 किंवा 8, एवढंच उरलं होतं. भाच्याला 5 बरा वाटला, त्यानं तो लिहून टाकला. पुढं भराभर घरं भरत गेली, तसा तो खूश झाला. बऱ्याच वेळानं एका उभ्या ओळीत दोन 9 आले. आता कुठले आकडे आधीचे पक्के आणि कुठले त्या 5 नंतरचे, हे त्यालाच सांगता येईना. सगळा कागद वाया गेला.

"अंदाज करणं वाईट का, आत्या?"

"नाही रे. पण तू तो खरा ठरावा म्हणून पुढं गेलास. मी तो मोडतो का, ते बघते."

तिनं आपला कागद पुढं केला. घराघरात शक्य असलेले आकडे बारीक लिहिले होते. डाव्या वरच्या कोपऱ्यात 3 किंवा 7. वरच्या ओळीच्या मधल्या घरात 3 किंवा 5. डाव्या कडेच्या मधल्या घरात 5 किंवा 7.

"समज, मधोमध 5 आहे. त्याच उभ्या ओळीत वरचं घर आहे, तिथं 5 चालणार नाही, म्हणून 3. त्याच आडव्या ओळीत डावीकडचं घर आहे, तिथं 7. आता कोपरा बघ."

भाच्यानं पाहिलं. वरच्या ओळीत 3 आला होता, डाव्या ओळीत 7. कोपऱ्यासाठी काहीच उरलं नव्हतं.

"म्हणजे मधे 8!"

"हो. आणि आता पेन्सिलीचे 5, 3, 7 पुसून टाक. 5 गेला, तर त्याच्यामुळे आलेलेही गेले. फक्त 8 राहतो."

"मग मी आधी 8 च धरला असता तर?"

"कुठंच अडला नसतास, आणि त्यावरून काही कळलंही नसतं. न अडणं हा पुरावा नव्हे. चुकीचा आकडासुद्धा कितीतरी घरं निमूट चालतो, तुझा 5 चाललाच की."

भाच्यानं पेन्सिल घेतली. पुढं आणखी एक घर अडलं, तिथं 2 किंवा 6. त्यानं 2 धरला आणि बरंच पुढं गेला. काही मोडलं नाही. पूर्वीचा भाचा इथं पेन उचलता. आता त्यानं कागदाच्या कडेला नोंद केली, सगळं पुसलं आणि 6 धरून पाहिला. तोही मोडला नाही. मग त्यानं दोन्ही वाटा शेजारीशेजारी ताडून पाहिल्या. सातव्या ओळीच्या तिसऱ्या घरात दोन्हीकडून 4 च येत होता.

"आत्या, 2 की 6 ते अजून कळलं नाही. पण या दोहोंतला एक असणारच, मग हा 4 काही झालं तरी पक्का ना?"

"तो पेनानं लिही," आत्या म्हणाली.