अण्णांचा दीड दिवस

माणसाच्या पापपुण्याचा हिशेब चित्रगुप्त ठेवतो, असे लहानपणी ऐकले होते. त्या बिचाऱ्याच्या डोक्याला किती ताप असेल, हे मात्र आमच्या तेवीस माणसांच्या ऑफिसातला रजेचा हिशेब माझ्या गळ्यात पडला तेव्हा कळले. चित्रगुप्ताचे एक बरे आहे. त्याच्या वहीबद्दल तक्रार करायला माणसाला आधी मरावे लागते. माझ्याकडे मंडळी चहाच्या सुटीतच येतात.

पूर्वी हा हिशेब एका जाड रजिस्टरात असे. ते लिहिणारे हेडक्लार्क निवृत्त झाले आणि रजिस्टर कॉम्प्युटरवर चढले. तिथे आता प्रत्येकाच्या नावापुढे चार रकाने आहेत : मागची शिल्लक, या महिन्याची जमा, घेतलेली रजा आणि अखेरची शिल्लक. शेजारच्या पानावर अर्जांची यादी. प्रत्येक अर्जापुढे तीन शब्दांपैकी एक शब्द : मंजूर, नामंजूर किंवा विचाराधीन. एवढ्यात माणसाचे सगळे सुखदुःख बसते, असा माझा समज होता.

रजा दोन जातींच्या. नैमित्तिक रजा दुधासारखी. वर्षाला आठ दिवस मिळतात, पण ३१ डिसेंबरला उरलेले दूध नासते. अर्जित रजा लोणच्यासारखी, मुरवून ठेवता येते. आमच्याकडे ती महिनाअखेरीला दीड दिवस जमा होते. बरणी मात्र ठरलेल्या मापाची, ४५ दिवसांची. तिच्यावर जे येईल ते सांडले. हे ४५ आम्ही मनाने काढलेले नाहीत; महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्यातच ते आहेत.

आता बरणी म्हटली की आधी घालायचे की आधी काढायचे, हा प्रश्न येतो. कुठल्याही आजीला तो पडणार नाही. मला पडला. मी मांडलेले पहिले सूत्र असे होते :

```
=MIN(45,B2+C2)-D2
```

म्हणजे मागची शिल्लक आणि महिन्याची जमा एकत्र करा, ४५ च्या वरचे फेकून द्या आणि मग घेतलेली रजा वजा करा. टायपिंग करणाऱ्या बाईंची बरणी भरलेली होती, ४५. त्यांनी भाचीच्या लग्नासाठी दोन दिवस घेतले. अखेरीला त्यांच्या नावावर ४३ दिसले. बाई म्हणाल्या, ‘‘अहो, पंचेचाळिसातून दोन गेले, त्रेचाळीस राहिले. मग माझे दीड दिवस कुठे गेले?’’ मी म्हणालो, ‘‘सांडले.’’ ‘‘दोन फोडी मी काढल्या, तेव्हा जागा झाली नव्हती का?’’ झाली होती. आधी काढायचे, मग बरणीचा काठ बघायचा. मी कंस हलवला :

```
=MIN(45,B2+C2-D2)
```

बाईंचे ४४.५ झाले. एक कंस इकडचा तिकडे करून आपण न्याय केला, या आनंदात मी चार महिने काढले. मग डिसेंबर आला, आणि अण्णा.

अण्णा आमचे कॅशियर. ऑक्टोबरअखेर त्यांचे ४३.५ दिवस होते, नोव्हेंबरअखेर बरोबर ४५. डिसेंबरचे दीड दिवस सांडणार हे त्यांना दिसत होते, कारण पै-पैचा हिशेब हाच त्यांचा धंदा. शिवाय कारणही होते. ब्याऐंशी वर्षांच्या आईला गावचे घर एकदा बघायचे होते. नैमित्तिक रजा बायकोच्या मोतीबिंदूत संपलेली. म्हणून १ डिसेंबरला त्यांनी अर्ज दिला : २७ ते २९ डिसेंबर, तीन दिवस, अर्जित रजा.

मी यादीत लिहिले, ‘विचाराधीन’. कागद साहेबांच्या टेबलावर गेला.

आमचे साहेब वाईट नाहीत. त्यांना ‘नाही’ म्हणवत नाही, एवढाच त्यांचा दोष. आणि वर्षअखेरीच्या गर्दीत कॅशियरला ‘हो’ही म्हणवत नाही. अण्णांनी दोनदा विचारले. साहेब दोन्ही वेळा म्हणाले, ‘‘बघू या हं.’’ २७ तारखेला अण्णा नेहमीप्रमाणे काउंटरवर नोटा मोजत बसले होते.

१ जानेवारीला मी पान उघडले. सूत्राने चोख काम केले होते. ४५ अधिक दीड, वजा शून्य, म्हणजे ४६.५, आणि बरणी ४५ ची. विचाराधीन रजा ही घेतलेली रजा नव्हे, तेव्हा वजा कशी होणार? अण्णांचा दीड दिवस गेला.

मी साहेबांकडे गेलो. ते मनापासून चकित झाले. ‘‘पण मी नाकारली कुठे?’’

इथेच खरी मेख होती. कायदा म्हणतो, पंधरा दिवस आधी मागितलेली रजा मालकाने नाकारली, तर ४५ च्या वरच्या दिवसांचे पैसे मागण्याचा हक्क माणसाला आहे. अण्णांनी सव्वीस दिवस आधी मागितली होती. साहेबांनी नाकारली असती तर अण्णांना दीड दिवसाचा पगार मिळाला असता. दिली असती तर आईला घर दिसले असते. साहेबांनी काहीच केले नाही आणि अण्णांना काहीच मिळाले नाही. ज्या माणसाने कुणाचे मन मोडायचे नाही असे ठरवले होते, त्याच्याच हातून हे झाले.

तेव्हापासून मला प्रश्न पडतो : न बोलणे हे न करणे असते का? ‘नाही’ म्हणणारा निदान वाईटपणा घेतो. त्याच्याशी भांडता येते. ‘बघू या’ म्हणणाऱ्याशी भांडणार कसे? तो तर अजून बघतोच आहे! आणि बरणीला थांबायचे माहीत नाही. ३१ तारीख आली की ती सांडते.

पण साहेबांना एकट्याला पिंजऱ्यात उभे करून मला सुटता येणार नाही. ‘विचाराधीन’ हा शब्द यादीत मी घातला. तो किती दिवस विचाराधीन राहू शकतो, हे मी कुठेच लिहिले नव्हते. निर्णय साहेबांनी टाळला, पण तो अण्णांच्या विरुद्ध धरला माझ्या सूत्राने.

म्हणून मी आणखी एक रकाना केला, F. त्यात वेळेत मागितलेले पण उत्तर न मिळालेले दिवस. आणि सूत्र असे केले :

```
=MIN(45+F2,B2+C2-D2)
```

अण्णांसाठी काठ ४८ वर गेला आणि त्यांचे ४६.५ जसेच्या तसे राहिले. उत्तर मिळेपर्यंत मागितलेले दिवस सांडत नाहीत. मंजूर झाले तर घेतले जातील, नामंजूर झाले तर वरच्यांचे पैसे होतील. मात्र ‘माझी किती शिल्लक?’ असे कुणी विचारले, तर F वजा करूनच सांगायचे. नाहीतर तेच तीन दिवस माणूस दोनदा मागेल.

साहेब म्हणाले, ‘‘अहो, मग प्रत्येक जण १ डिसेंबरला अर्ज टाकून रजा वाचवेल!’’

मी म्हणालो, ‘‘टाकू दे. तुम्ही उत्तर द्या.’’

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, ‘‘बघू या.’’

अण्णांना मी दीड दिवस परत आल्याचे सांगितले. त्यांनी मान हलवली, नोटांची गड्डी पुरी केली आणि म्हणाले, ‘‘बरं झालं. आईला विचारलं मी पुन्हा. ती म्हणते, आता मे महिन्यात बघू.’’

सूत्रात मे महिन्याची सोय आहे. आईच्या ब्याऐंशी वर्षांचा रकाना माझ्याकडे नाही.