बंड्या, पैसे कुठल्या खात्यात पडतात ते बघ

खेड, जि. रत्नागिरी



परवा ताई आली होती. तू दुबईहून पाठवलेले पहिले पैसे आल्याचा मेसेज तिने मला तीनदा दाखवला. शेवटी हळूच म्हणाली, "अरे, यावर टॅक्स कापतील का?" तिला तोंडी सांगितलं. तुला लिहूनच सांगतो, कारण फोनवर तू "हो मामा, हो मामा" करतोस आणि दुसऱ्या दिवशी विसरतोस.

तू 12 जूनला गेलास. आपलं आयकराचं वर्ष 1 एप्रिलला सुरू होतं. तिथून मोजले तर यंदा तू भारतात 73 दिवस होतास, जाण्याचा दिवस धरून. नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्या भारतीय नागरिकाचे त्या वर्षातले देशातले दिवस 182 पेक्षा कमी असले, की तो आयकराच्या हिशेबात अनिवासी. अनिवासी माणसाने परदेशात काम करून तिथेच घेतलेल्या पगारावर इथे कर नाही. दुबईतही पगारावर आयकर नाही. तुझ्या शेजारचा तो पोरगा दिवाळीनंतर जाणार आहे ना, त्याचं गणित वेगळं. नोव्हेंबर उजाडेपर्यंत त्याचे दोनशेच्या वर दिवस इथेच भरतील. म्हणजे त्या वर्षापुरता तो निवासी, आणि मार्चपर्यंतचा तिकडचा पगारही इथल्या उत्पन्नात धरला जाईल. त्यालाही सांग. पासपोर्टवरच्या शिक्क्यांचे फोटो काढून ठेवा, दिवस मोजायला तोच पुरावा.

घरच्यांना पाठवलेल्या पैशावरही कर नाही. आई, बायको, भाऊ, बहीण ही कायद्याने 'नातेवाईक' आहेत. त्यांना दिलेली रक्कम कितीही असो, ती त्यांचं उत्पन्न ठरत नाही. मित्राला मात्र सहज म्हणून पाठवू नकोस. नात्याबाहेरच्या माणसाला वर्षभरात अशा भेटी 50,000 रुपयांच्या वर गेल्या, की सगळी रक्कम त्याच्या उत्पन्नात जाते.

मग कर लागतो कुठे? मुद्दल इथे पोचल्यावर ते जे व्याज कमावतं, त्यावर. आणि ते व्याज कुठल्या खात्यात जमतं यावर सगळं ठरतं.

इथे माझी फजिती सांगतो, म्हणजे तुझी होणार नाही. मी कुवेतला गेलो तेव्हा गावातलं जुनं बचत खातं तसंच ठेवलं. नऊ वर्षं त्यातच पैसे टाकले, त्यातूनच एफडी केल्या. अनिवासी झाल्यावर साधं बचत खातं ठेवता येत नाही, ते बँकेला कळवून एनआरओ करून घ्यायचं असतं, हे मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. व्याजाचं विवरणपत्र कधी भरलं नाही. परत आल्यावर ते सगळं निस्तरायला दोन वर्षं आणि एका सीएची फी गेली.

आता तुझं घे. समजा, तीनेक वर्षांत तू 6 लाख साठवलेस आणि 7 टक्क्यांनी एफडी केलीस. वर्षाचं व्याज 42,000. ही एफडी एनआरओ खात्यातून केलीस, तर बँक अनिवासी म्हणून सेससकट 31.2 टक्के टीडीएस कापते. म्हणजे 13,104 रुपये गेले. तुझं इथलं दुसरं उत्पन्न नसेल, तर नव्या पद्धतीच्या 4 लाखांच्या करमुक्त मर्यादेत तू बसतोस, पैसे परत मिळतात. पण त्यासाठी विवरणपत्र भरावं लागतं, आणि आपली निम्मी माणसं ते भरत नाहीत. तीच एफडी एनआरई खात्यातून केलीस, तर व्याज करमुक्त, टीडीएस नाही, आणि पैसे हवे तेव्हा परत बाहेर नेता येतात. एनआरईत बाहेरून आलेला पैसा टाकायचा. इथलं घरभाडं वगैरे टाकायचं ते एनआरओत.

तू म्हणशील, त्यापेक्षा सूनबाईच्या नावावर एफडी करतो. कर. पण नवऱ्याने बायकोला दिलेल्या पैशाचं व्याज कायद्याने नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात. बँक तिला निवासी समजून, व्याज 50,000 च्या आत आहे म्हणून टीडीएस कापणार नाही, आणि सगळ्यांना वाटेल की प्रश्न मिटला. तो मिटलेला नसतो, पुढे रक्कम वाढली की उभा राहतो. आईच्या नावावर केलीस तर मात्र व्याज आईचंच उत्पन्न, तुझ्याकडे येत नाही. घरखर्चाचे पैसे सूनबाईच्या खात्यात खुशाल पाठव. साठवायचे ते एनआरईत ठेव, आणि त्यावर तिला 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' पद्धतीने जोडीदार कर. तुझ्या मुखत्यारपत्रावर तिला इथल्या इथे पैसे काढता येतील.

पाठवण्याच्या खर्चाबद्दल थोडं. तिथलं सरकार तुझ्या रकमेवर कर घेत नाही, एक्स्चेंज हाऊसच्या फीवर 5 टक्के व्हॅट घेतं. फी 20 दिरहम असली तर व्हॅट 1 दिरहम. (सौदीत तोच व्हॅट 15 टक्के आहे.) पण 2,000 दिरहम पाठवताना समोरच्याने दिरहमामागे 20 पैसे दर कमी दिला, तर 400 रुपये गेले, आणि ते पावतीवर कुठेच दिसत नाहीत. म्हणून फी विचारू नकोस, हातात नेमके किती रुपये पडणार ते विचार. आपल्या न्यू जर्सीच्या चुलतभावाला वेगळी काळजी आहे. अमेरिकेने 1 जानेवारी 2026 पासून बाहेर पाठवायच्या पैशावर 1 टक्का कर लावला, पण तो रोख किंवा मनी ऑर्डर देऊन पाठवणाऱ्याला. बँक खात्यातून पाठवला तर नाही.

तुझ्या खोलीवर कोणीतरी हुंडीवाला येईलच. दर चार पैसे जास्त देईल, संध्याकाळी घरी रोख पोचवील. नको म्हण. फेमा कायद्याचं ते उल्लंघन तर आहेच, शिवाय उद्या जागा घेताना पैसा आला कुठून याचा एकही कागद तुझ्याकडे नसेल. बँकेतून आलेल्या पैशावर 'कुटुंबाचा निर्वाह आणि बचत' हा P1301 कोड पडतो. वीस वर्षांनीही तो दाखवता येतो.

कायमचा परत येशील तेव्हा एनआरई खातं निवासी करून घे. तसंच ठेवलंस तरी आल्या दिवसापासून व्याजाची सूट संपलेली असते.

गणपतीला येतोस तेव्हा पासपोर्टची आणि व्हिसाची झेरॉक्स, नोकरीचं पत्र, दुबईच्या पत्त्याचा कागद आणि दोन फोटो घेऊन ये. आरतीच्या आधी बँकेत जाऊन येऊ. गौरीच्या दिवसांत तिथे गर्दी असते, म्हणून पहिल्याच सोमवारी.

तुझा,
मामा