हप्ता त्याचा, किराणा तिचा

रायपुरात तात्यापाऱ्यातल्या जुन्या मराठी वाड्यांचे कागद काढून पाहिले, तर आजोबा-पणजोबांची नावे सापडतात, आजीचे क्वचितच. आता त्यांची नातवंडे कचना-मोव्याकडे फ्लॅट घेतात, तेव्हा रजिस्ट्रीवर नवरा-बायको दोघांची नावे असतात. बदल मोठा आहे, पण तो बऱ्याचदा नावापाशीच थांबतो. दोघांचा हिस्सा किती, हे दस्तात कुठेच लिहिलेले नसते. विवरणपत्रांच्या कामात मला हा प्रश्न दरवर्षी दिसतो. आयटीआर-२ मध्ये घराच्या उत्पन्नाच्या तक्त्यात एक रकाना आहे: मालमत्ता सामाईक आहे का, असल्यास तुमचा हिस्सा किती टक्के आणि सहमालकाचा किती. पुष्कळ घरांत हा प्रश्न त्या रकान्यापाशीच पहिल्यांदा विचारला जातो, आणि उत्तर अंदाजाने भरले जाते.

एक उदाहरण घेऊ. आकडे सोयीसाठी मांडलेले आहेत, पण घराची घडी नेहमीचीच आहे. २०१८ साली ६० लाखांचा फ्लॅट. बारा लाख स्वतःचे, ४८ लाखांचे कर्ज, व्याज साडेआठ टक्के, मुदत २० वर्षे. महिन्याचा हप्ता ४१,६५५ रुपये. नवऱ्याचा पगार वर्षाला १४ लाख, बायकोचा ९ लाख. दोघेही मालक, दोघेही कर्जदार. हप्ता त्याच्या खात्यातून कापला जातो. ती किराणा, मुलांची फी, दूध, सासूबाईंची औषधे पाहते. महिन्याला २२ हजारांच्या आसपास. "तू घर चालव, मी हप्ता भरतो," एवढ्या एका वाक्यावर हा संसार उभा आहे. दोघांच्याही मनात काही खोट नाही.

पहिल्या वर्षात बँकेने जवळजवळ ४ लाख ४ हजार रुपये व्याज घेतले आणि साडेपंच्याण्णव हजार मुद्दल फिटले. स्वतः राहायच्या घरावरील व्याजाची वजावट १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम २४ खाली एका माणसाला जास्तीत जास्त २ लाख मिळते. मुद्दलाची कलम ८०सीमध्ये मिळते, पण तिथे भविष्यनिर्वाह निधी, विमा हे सगळे मिळून दीड लाखाची मर्यादा आहे. या मर्यादा घराला नाहीत, प्रत्येक मालकाला स्वतंत्र आहेत. त्याने २ लाख व्याज दाखवले आणि वरचे २ लाख ४ हजार वाया गेले. बायकोने काहीच दाखवले नाही. तिचे उत्पन्न तेव्हा २० टक्क्यांच्या टप्प्यात होते. तिच्या हक्काची २ लाखांची वजावट असती, तर उपकरासह ४१,६०० रुपये वाचले असते.

इथे सल्लागार सांगतात की अर्धे-अर्धे दाखवा, म्हणजे दोघांची मर्यादा पुरती वापरता येईल. मला हे मान्य नाही. वजावट मिळण्यासाठी माणूस मालक हवा, कर्जदार हवा, आणि परतफेडीत त्याचा पैसा हवा. मार्चअखेरीस कर वाचवायला हिस्सा ठरवणे म्हणजे उत्तर पाहून गणित लिहिणे. कायद्याची वाट उलटी आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चे कलम ४५ सांगते की दोघांनी मोल देऊन घेतलेल्या मालमत्तेत, वेगळा करार नसेल तर, ज्याने जितका पैसा घातला तितका त्याचा हिस्सा. पुरावाच नसेल तर समान हिस्सा धरावा. म्हणजे आधी पैसा, त्यातून हिस्सा, आणि हिश्श्याच्या मागून वजावट.

या घरात पैशाचा माग काढला तर काय दिसते? बँकेच्या उताऱ्यावर सगळे हप्ते त्याचे. तिचे महिन्याचे २२ हजार मात्र किराणा दुकानाच्या पावत्यांत आणि औषधांच्या बाटल्यांत विरून गेले. तिच्या पैशाने घर चालले म्हणूनच त्याला हप्ता भरता आला, हे खरे. पण कलम ४५ मालमत्तेच्या मोलाबद्दल बोलते, तांदळाबद्दल नाही. उद्या नवरा गेला आणि दिरांनी हिशेब मागितला, किंवा संसारच मोडला, तर तिच्या हातात काय उरेल? उलट त्याची विवरणपत्रे वर्षानुवर्षे सांगत असतील की व्याज मीच भरले, वजावट मीच घेतली. नवऱ्याने प्रेमाने भरलेला तो रकाना बायकोविरुद्धचा कागद होतो.

उपाय साधा आहे. दोघांनी संयुक्त खाते उघडून हप्ता तिथून कापायला लावावा. पगारांचे प्रमाण पाहून साठ-चाळीस ठरले असे धरू. मग तिने दरमहा १६,६६२ रुपये आपल्या पगाराच्या खात्यातून तिथे वळवावेत, बाकीचे त्याने. त्याचा हप्ता तेवढ्याने हलका होतो, तेवढा किराणा आणि फी त्याने उचलावी. घरात एक रुपयाही जास्त खर्च होत नाही. फक्त कोणाचा पैसा कुठल्या वाटेने जातो ते बदलते, आणि तिचा पैसा भिंतींत दिसू लागतो. सुरुवातीच्या बारा लाखांतला तिचा वाटाही तिच्याच खात्यातून, धनादेशाने विक्रेत्याकडे गेलेला असावा.

साठ-चाळीसने पहिल्या वर्षीचे व्याज त्याच्या वाट्याला २,४२,४०० येते, त्यातले २ लाख चालतात. तिच्या वाट्याला १,६१,६००, ते पूर्ण चालते. अर्धे-अर्धे दाखवले असते तर ३८,४०० ची वजावट आणखी मिळाली असती, म्हणजे करात सुमारे ८ हजार. ते सोडावेत. पैसा साठ-चाळीस असताना हिस्सा अर्धा सांगणे खोटे आहे, आणि आठ हजारांसाठी ते खोटे विवरणपत्रात सही करून लिहावे लागते. याहून उघड चूक म्हणजे एकच व्याज दोघांनी पूर्ण दाखवणे. बँकेच्या व्याज-दाखल्यावरच्या आकड्यापेक्षा दोघांच्या दाव्यांची बेरीज कधीच मोठी होता कामा नये.

आणखी एक प्रकार मला सर्वांत अन्यायाचा वाटतो. कर्जाची पात्रता वाढावी म्हणून बायकोचा पगार दाखवून तिला सहकर्जदार करतात, पण रजिस्ट्रीत तिचे नाव नसते. कर्ज बुडाले तर बँक तिच्या दारात येणार. घरात तिचा हिस्सा नाही, वजावटही नाही. मुलीच्या आईवडिलांनी सोन्याची चौकशी करण्यापेक्षा ही चौकशी करावी. याउलट बायको कमावत नसेल आणि सगळा पैसा नवऱ्याचा असेल, तर तिच्या नावे घर जरूर करावे, मुद्रांक शुल्कातली सवलतही घ्यावी. पण कर-कायदा अशा घराचे उत्पन्न नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतो, म्हणून तिच्या नावाने वजावट दाखवू नये.

आता मला लोक सांगतात, नव्या करप्रणालीत या वजावटी उरल्याच नाहीत, मग टक्के लिहून काय उपयोग? पहिला भाग बरोबर आहे. २०२३-२४ पासून नवी प्रणाली आपोआप लागू होते, आणि तीत स्वतः राहायच्या घराचे व्याज व ८०सी, दोन्ही मिळत नाहीत. २०२५-२६ पासून तर १२ लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नाला तिथे करच नाही. नऊ लाख पगाराच्या त्या बाईला आज नवी प्रणालीच फायद्याची. पण यातून तिचा हिस्सा निरुपयोगी ठरत नाही. घर भाड्याने दिले तर भाडे हिश्श्याने वाटायचे आणि त्यातून व्याज नव्या प्रणालीतही वजा होते. विकले तर नफा हिश्श्यानेच वाटायचा. वजावटीच्या लोभाने का होईना, बायकोच्या खात्यातून हप्ता जाऊ लागला होता. तो लोभ संपला म्हणून तिचा हप्ता थांबवणारी घरे मी पाहिली आहेत. त्यांना ती वजावट हवी होती, मालकीण नको होती.

मागची वर्षे परत येत नाहीत. मुदत टळल्यावर भरता येणारे अद्ययावत विवरणपत्र कर कमी करून घ्यायला चालत नाही, आणि रजिस्ट्रीतला हिस्सा नंतर बदलायचा तर नवा नोंदणीकृत दस्त आणि त्याचा खर्च. म्हणून काम रजिस्ट्रीच्या आदल्या संध्याकाळचे आहे. दस्तलेखकाकडून मसुदा मागवा आणि दोघांनी बसून वाचा. दोघांच्या नावांपुढे अविभक्त हिस्सा किती टक्के, आणि कोणी कोणत्या खात्यातून किती दिले, ही दोन वाक्ये त्यात शोधा. नसतील तर घालून घ्या, आणि त्यासाठी रजिस्ट्री दोन दिवस पुढे गेली तर जाऊ द्या.